दोन रोट्या आणि नाचणारी रेघ

उषाबाई बुराडे गप्प बसल्याचं आंधळगावात कुणी पाहिलेलं नव्हतं. धान पाखडताना त्या बोलत, भाजी चिरताना बोलत, आणि ऐकणारं कुणी नसलं तर गोठ्यातल्या गाईशी बोलत. गाय मान हलवी. तेवढा दुजोरा त्यांना पुरे होई.

देवाने मात्र त्यांची जोडी जमवताना थोडी गंमत केली होती. त्यांचे यजमान घनश्यामभाऊ यांनी सगळी उमर तुमसरकडच्या एका राइस मिलमध्ये इंजिनाशेजारी काढली. त्या धडधडाटात कान हळूहळू विझत गेले, आणि मिलमधून घरी बसायची वेळ आली तोवर पार बंद झाले. मुलाने नागपूरहून कानाचं यंत्र आणून दिलं. घनश्यामभाऊंनी ते एक दिवस लावलं आणि कानात पुन्हा मिल सुरू झाली म्हणून काढून भिंतीतल्या देवळीत ठेवलं. उषाबाई समोर उभ्या राहून सावकाश बोलल्या तर ओठांवरून त्यांना थोडंफार कळे. पण उषाबाईंना सावकाश बोलणं हे उपवासासारखं होतं, महिन्यातून एखादवेळी जमणारं.

घरातलं ऐकणारं माणूस असं गेलं, तेव्हा त्यांच्या दिराची मुलगी मेघा धावून आली. मेघा भंडाऱ्याला शिकत होती आणि दर आठवड्याला घरी येत होती. एकदा तिची मोठी माय, म्हणजे उषाबाई, सूप घेऊन तांदूळ पाखडत बोलत बसली असताना तिने फोन जवळ ठेवून सगळं रेकॉर्ड केलं आणि इंटरनेटवर टाकलं. रेडिओसारखंच, पण ज्याला वाटेल त्याने वाटेल तेव्हा ऐकायचं. याला पॉडकास्ट म्हणतात हे उषाबाईंना नंतर कळलं. तिने नाव ठेवलं ‘सुपातल्या गोष्टी’. मागे सुपाची सळसळ, पुढे उषाबाईंची जीभ. धान रोवणाऱ्या बाया, तलावाचं पाणी सोडण्यावरून झालेली भांडणं, लग्नात रुसलेले व्याही, सगळं त्यात आलं. लोकांना आवडलं. ऑटोवाले गाडीत लावू लागले.

सर्वांत जास्त आवडला तो बुढा. आमचा बुढा. उषाबाई बोलायला लागल्या की चौथ्या वाक्याला घनश्यामभाऊ हजर. आमचा बुढा इंजिनाच्या तालावर घोरायचा आणि मिल बंद असली की त्याला झोप यायची नाही. आमच्या बुढ्याला पोरीच्या लग्नात मंगलाष्टकं संपलेली कळली नाहीत आणि तो एकटाच अक्षता टाकत राहिला. आणि त्यातला मुकुटमणी असा, की एकदा गाय व्याली, गोऱ्हा झाला आणि उषाबाई अंगणातून ओरडल्या, गाय याली, गोरा झाला, लवकर या. यावर जेवणाचंच विचारताहेत असं समजून बुढ्याने आतून शांतपणे सांगितलं, “दोन रोट्या बस.”

मेघा तेव्हा इतकी हसली की ते हसणंही रेकॉर्डिंगमध्ये आलं. ‘दोन रोट्या बस’ मोहाडी तालुकाभर झालं. आणि इथूनच उषाबाईंना ते पहिल्यांदा खुपलं. कारण बाजाराच्या दिवशी घनश्यामभाऊ पिशवी घेऊन निघाले की लोक त्यांना दोन बोटं दाखवू लागले. कांदेवाला दोन बोटं दाखवी, पंक्चरवाला दोन बोटं दाखवी, शाळेची पोरं तर दोन्ही हातांची दाखवत. घनश्यामभाऊही प्रत्येकाला हसून दोन बोटं दाखवत. आयुष्यभर मिलच्या भुशात उभा राहिलेला माणूस. गावाने अशी दखल त्यांची कधी घेतली नव्हती.

“हे काय नवीन निंगालं व?” ते घरी येऊन विचारत. “सारेच दोन बोटं दाखवून राहिले. इलेक्शन हाये का?”

उषाबाई मान हलवून हो म्हणत आणि चुलीकडे वळत. गप्प. गाईलासुद्धा नवल वाटलं असेल.

अशात मेघाने ठरवलं की पॉडकास्टचा व्हिडिओ करायचा. गावातले बुजुर्ग ऐकायचं ॲप कुठे उघडतात? ते टीव्हीवर यूट्यूब लावतात आणि जेवतात. बोलणं तर तयारच होतं, वर्षभराचं. चित्र तेवढं हवं. उषाबाईंना कॅमेऱ्यासमोर बसवायचं म्हटलं तर त्या पदर चाचपत ‘अध्यक्ष महोदय’ छापाचं बोलू लागत, म्हणून तो नाद तिने सोडला आणि लग्नातल्या एका फोटोतून मोठ्या मायचं तेवढं डोकं कापून काढलं. फोटो वर, आवाज खाली, झाला व्हिडिओ.

तो घरच्या टीव्हीवर लावला. घनश्यामभाऊ समोर बसले. बायकोचा चेहरा पडद्यावर आला. तो न हसणारा, न बोलणारा चेहरा ते बराच वेळ पाहत राहिले. मग उठले आणि टीव्हीच्या पाठीवर दोन थापट्या दिल्या, कारण मिलमध्ये अडकलेली यंत्रं याच उपायाने चालू होत.

“हालत काहून नाई हे?” ते म्हणाले.

गावालाही तोच प्रश्न पडला होता. लोक किती वेळ पाहतात याची एक रेघ मेघाला फोनवर दिसे. ती रेघ पहिल्याच मिनिटात विहिरीत उडी मारल्यासारखी खाली जात होती. जे लोक हाच आवाज तासभर ऐकायचे, तेच तो डोळ्यांसमोर आला की पळायचे. नुसतं ऐकताना हात दुसऱ्या कामाला मोकळे असतात. पडदा समोर आला की डोळे काहीतरी मागतात, आणि डोळ्यांना इथे मिळत होतं उषाबाईंचं न हलणारं नाक.

मेघा टेकचंदकडे गेली. टेकचंद म्हणजे आंधळगावातला लग्नाचे व्हिडिओ काढणारा. त्याच्या दुकानात तगडा संगणक होता आणि कुठल्याही अडचणीवर पाकळ्या हा उपाय होता. हालत नाही ना फोटो, हालवू. त्याने फोटो हळूहळू जवळ आणला, वरून गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या, कोपऱ्यात एक समई पेटवली आणि मागे बासरी लावली. व्हिडिओ फोनोफोन फिरला. म्हाताऱ्या बाईचा फोटो, पाकळ्या, समई आणि मागून तिचा आवाज, याचा अर्थ आपल्याकडे एकच होतो. खाली श्रद्धांजलीच्या जोडलेल्या हातांची रांग लागली. साकोलीहून उषाबाईंची धाकटी बहीण रुखमिणी हिने रडत घरी फोन लावला. तो उषाबाईंनीच उचलला.

“कोन बोलून राह्यलं?” रुखमिणीने हुंदका आवरत विचारलं.

“कोन म्हंजे? मीच बोलून राह्यली.”

पलीकडे हुंदका जागच्या जागी थांबला. मग रुखमिणी म्हणाली, “मंग त्या टेकचंदले सांग, मी येऊन राह्यली त्याच्या दुकानात, चप्पल घेऊन.”

चप्पल आली नाही, पण मेघा शहाणी झाली. आता तिने काम मुळापासून हाती घेतलं. आधी एक भाग नुसता ऐकला आणि बोलणं कुठे वळतं तिथे तिथे खूण केली. घड्याळ लावून दर इतक्या सेकंदांनी चित्र बदलायचं नाही, गोष्ट वळली की चित्र वळलं पाहिजे, हे तिला पाहतापाहताच उमगलं. मग त्या त्या तुकड्याला चित्रं शोधली. मोठ्या मायचे पाखडणारे हात तिने वेगळे शूट केले, चेहरा नाही, फक्त हात, सूप आणि उडणारा कोंडा. उषाबाईंच्या हातांना कॅमेऱ्याची लाज नव्हती. तलावाची पाळ, गोठा, बंद इंजिनाचं चाक असं आणखी शूट केलं. जुने फोटो घातले ते नुसते चिकटवले नाहीत. ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय त्याच्याकडे हळूच सरकत जातील असे केले. कुठून तरी आयती मिळालेली हिरवीगार शेतं टेकचंदने सुचवली होती. त्यांत नारळाची झाडं होती, म्हणून ती बाद झाली. आणि पडद्याच्या खालच्या अंगाला तिने आवाजाची रेघ घातली. उषाबाई बोलल्या की रेघ उड्या मारी, थांबल्या की ती सपाट होई.

सगळ्यात शेवटी अक्षरं. जे बोललं ते खाली लिहून येणार. संगणकाने स्वतःहून लिहून दिलं होतं, पण उषाबाईंची झाडीबोली त्याच्या आकलनापलीकडची असल्याने त्याने पानभर भलतंच काही लिहिलं. मेघाने बसून सगळं हाताने दुरुस्त केलं, एका वेळी दोन ओळी, मोठ्या, आणि सावकाश वाचणाऱ्याचंही वाचून होईल इतका वेळ पडद्यावर राहणाऱ्या.

उषाबाईंना ती हे सगळं उत्साहाने समजावत होती. निम्मे लोक आवाज बंद ठेवूनच व्हिडिओ पाहतात, एसटीत, दवाखान्यात. त्यांना वाचता येईल.

“आन् सांगू का, मोठी माय,” मेघा म्हणाली, “आता मोठ्या बाबालेबी समजन.”

उषाबाईंच्या हातातलं सूप थांबलं.

घनश्यामभाऊ पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस. अक्षर त्यांच्या नजरेतून सुटत नसे. वर्षभर बुढा बुढा करून जे जे सगळ्या तालुक्याला सांगितलं, ते सगळं आता त्यांच्यासमोर दोन दोन ओळींनी उगवणार होतं, सावकाश वाचता येईल असं. घोरणं चालेल. अक्षताही चालतील, त्यावर ते स्वतःच हसले असते. पण दोन रोट्या वाचल्या की त्यांना बाजारातली ती बोटं कळणार. कांदेवाला का हसतो ते कळणार. आणि आपण एवढे दिवस उलट हसून काय दाखवत होतो, तेही.

मेघाला काही सांगावं तर ती हसली असती किंवा रागावली असती. उषाबाईंना दोन्ही नको होतं. तयार झालेला व्हिडिओ शेवटी टेकचंदच्या संगणकावरून निघायचा होता आणि मेघा परीक्षेसाठी भंडाऱ्याला गेली होती. उषाबाई पदर सावरत टेकचंदच्या दुकानात गेल्या.

टेकचंदला कापाकापी नवी नव्हती. व्याह्यांची भांडणं, मंडपात पेंगणारे मामा, जेवणावळीत तिसऱ्यांदा बसलेले पाहुणे, सगळं तो गुपचूप काढून टाकत असे. त्याने सरळ सुचवलं की दोन रोट्यांचा तुकडा आवाजासकटच काढू. उषाबाईंना ते पटेना. लोकांनी तो भाग शंभरदा ऐकलेला. तोच गायब झाला तर गावभर विचारणा होईल, आणि विचारणा घरापर्यंत येईल. आवाज राहू दे, तो कुठे त्यांना ऐकू येतो. फक्त खालची अक्षरं काढ.

टेकचंदने अक्षरं काढली. बाकी काही हलवू नको म्हटल्यामुळे त्याने बाकी काही हलवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर व्हिडिओ टीव्हीवर लागला. परीक्षा आटोपून मेघाही आली होती. घनश्यामभाऊ चष्मा पुसून खुर्चीत बसले. पडद्यावर हात पाखडू लागले, कोंडा उडाला, आणि खाली पहिल्या दोन ओळी आल्या. घनश्यामभाऊंनी त्या वाचल्या आणि मान वळवून बायकोकडे पाहिलं. “हे तू बोलली?” त्यांनी विचारलं. उषाबाईंनी मान हलवली.

मग ते वाचतच राहिले. पाण्याच्या भांडणाला हसले, रुसलेल्या व्याह्याला मांडीवर थाप मारली. अक्षतांपाशी जरा चपापले, मग इतके हसले की चष्मा काढावा लागला. कितीतरी दिवसांनी उषाबाई बोलत होत्या आणि त्यांचा नवरा हसत होता. स्वयंपाकघराच्या दाराला टेकून त्या उभ्या होत्या, आणि त्यांना वाटलं की असंच चालू राहावं, पुढचं येऊच नये. पण व्हिडिओ पुढे जातो.

पडद्यावर गोठा आला. गाय आली. खालची अक्षरं संपली. मग चित्र बदललं. एक पितळी ताट, आणि त्यात दोन रोट्या. मेघाने याच वाक्यासाठी मुद्दाम काढलेलं चित्र, मोठ्या मायच्याच ताटाचं, बोलणं वळलं तिथे बरोबर येणारं. अक्षरं नव्हती. आणि खालची रेघ नाचत होती. आधी थोडी, मग एकदम उंच, पुन्हा उंच, पुन्हा उंच.

घनश्यामभाऊ वाट पाहत राहिले. मग उठले, टीव्हीजवळ गेले आणि काचेवर रेघेच्या जागी बोट ठेवलं.

“मांग घे,” ते मेघाला म्हणाले.

मेघाने मागे घेतलं. पुन्हा गाय, पुन्हा ताट, पुन्हा नाच. अक्षरं कुठे गेली हे मेघालाही कळत नव्हतं. तिने दाराकडे पाहिलं आणि मोठ्या मायचा चेहरा पाहून तिला कळलं.

“इथं तू बोलली,” घनश्यामभाऊ काचेवरचं बोट सरकवत म्हणाले. “इथं पोरगी हासली. आन् खाली काईच नाई लिवलं.”

मेघाने व्हिडिओ थांबवला. पडद्यावर ताट थांबलं होतं. दोन रोट्या. घनश्यामभाऊंनी त्या पाहिल्या. मग काचेवरचा हात खाली घेतला आणि स्वतःचीच दोन बोटं वर करून त्यांच्याकडे पाहिलं, बाजारात दाखवत तशी. बराच वेळ पाहिलं. मग चष्मा डबीत ठेवला आणि गोठ्याकडे गेले.

संध्याकाळी उषाबाईंनी नेहमीप्रमाणे भात वाढला आणि शेजारी दोन रोट्या ठेवल्या. घनश्यामभाऊंनी ताटाकडे पाहिलं.

“आनखी एक,” ते म्हणाले.

लग्न झाल्यापासून त्यांनी तिसरी रोटी खाल्लेली नव्हती. ती खाताना त्यांना किती कष्ट पडत होते ते दिसत होतं. पण त्यांनी ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली, उषाबाईंकडे न बघता. ओठ बघितल्याशिवाय त्यांना काही कळत नसे, आणि ते ओठ बघत नव्हते. उषाबाईंनी जगातली कुठलीही गोष्ट सांगितली असती तरी त्या वेळी ती कुठे पोचली नसती. त्यांच्या जिभेचं असं हसं याआधी कुणी केलेलं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी घनश्यामभाऊ उठले नाहीत. पिशवी खुंटीवरच राहिली. उषाबाईच गेल्या. कांदेवाल्याने हसून दोन बोटं वर केली आणि विचारलं, भाऊ कुठे आज? उषाबाईंनी कांदे घेतलेच नाहीत. पंक्चरवाल्यासमोरून तर त्या मान खाली घालून गेल्या. घरी आल्या आणि मेघाला सांगितलं की तो भाग काढून टाक, सगळाच काढून टाक, सूपच जाळते.

मेघाने सरळ सांगितलं की व्हिडिओ निघेल, पण ऐकलेलं कानांतून निघणार नाही, आणि ज्यांच्या फोनमध्ये आहे त्यांच्या फोनमध्ये ते राहील. अक्षरं काढली तेव्हा मला विचारायचं होतं, असंही म्हणाली. ती रागावली होती, आणि तो राग उषाबाईंना बरा वाटला. घरात कुणीतरी त्यांच्याशी बोलत तरी होतं.

हे चाललेलं असताना घनश्यामभाऊ दारात येऊन उभे होते. दोघींचे ओठ आणि हातवारे त्यांनी पाहिले असणार.

“राहू दे थे,” ते म्हणाले. “पन मले पूरं वाचाचं हाये.”

मेघाने गेलेल्या ओळी पुन्हा लिहिल्या आणि टेकचंदच्या दुकानात समोर बसून व्हिडिओ नव्याने काढून घेतला. घनश्यामभाऊंनी तो पूर्ण पाहिला. मग मागचे सगळे भागही मागितले. मेघा दर आठवड्याला एक एक तयार करून देई आणि ते चष्मा लावून वाचत. हसत नसत. एखाद्या ठिकाणी हात वर करून थांबवत, तीच ओळ पुन्हा वाचत आणि बोटाने ‘पुढे’ म्हणत. नवऱ्याने आपल्याला एवढं लक्ष देऊन कधी ऐकलं नव्हतं, हे उषाबाईंच्या मनात आलं आणि त्याने त्यांना अजूनच कसंसं झालं. इकडे मेघाची ती रेघ आता विहिरीत उडी मारत नव्हती. लोक शेवटपर्यंत पाहत होते. मेघाने फोन पुढे करून ते दाखवलं. उषाबाईंनी पाहिल्यासारखं केलं.

नवीन रेकॉर्डिंग मात्र अडलं होतं. उषाबाई सूप घेऊन बसत, तांदूळ पाखडत, आणि तोंडातून काही निघत नसे. बुढ्याला वगळून गोष्ट सांगायची म्हटली तर गोष्टीच उरत नव्हत्या. मेघाने जास्त आग्रह केला नाही. तिने नवा आणलेला माइक तसाच ओसरीवर पडून राहिला.

एका सकाळी उषाबाई तांदूळ घेऊन ओसरीवर आल्या तर घनश्यामभाऊ आपली लोखंडी खुर्ची ओढत आणत होते. त्यांनी ती सुपासमोर ठेवली, माइकच्या पलीकडे, जिथून उषाबाईंचं तोंड नीट दिसेल अशी. बसले. चष्मा लावला. मग मेघाला हाताने बोलावलं.

“सुरू कर,” ते म्हणाले. आणि उषाबाईंकडे पाहून म्हणाले, “जे बोलाचं थे मायासमोर बोल. सावकाश.”

मेघाने माइक चालू केला. फोन तिने खुर्चीच्या मागे तिवईवर उभा केला. चौकटीत एका बाजूला घनश्यामभाऊंचा खांदा आणि पांढरे केस असलेला कान, आणि पलीकडे उषाबाई, सूप धरलेल्या. फोटो नको, पाकळ्या नकोत, शोधून आणलेलं काहीच नको. आज कॅमेऱ्याकडे बघायला उषाबाईंना सवडही नव्हती. समोर दोन डोळे त्यांच्या ओठांवर लागलेले होते.

सूप एकदा सळसळलं. थांबलं. व्हिडिओत खाली रेघ सपाट पडली होती, तलावाच्या पाण्यासारखी, आणि ती तशीच पडून राहिली. मेघाने ती नंतर कापली नाही. एवढा वेळ उषाबाई गप्प बसलेल्या आंधळगावाने पहिल्यांदा पाहिल्या, आणि एकही माणूस मधून उठला नाही.

“आमचा बु...” त्यांनी सुरुवात केली.

घनश्यामभाऊंच्या भुवया जराशा वर गेल्या.

उषाबाईंनी सूप खाली ठेवलं. पदराने तोंड पुसलं. मग एकेक शब्द सुटा करत, उपवासासारखं, त्या बोलल्या. “त्या दिवशी गाय याली होती. मी तुमाले आवाज देल्ला. तुमाले आयकू नाई आला.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “तवा मी अंदर येऊन सांगाले पायजे होतं.”

घनश्यामभाऊ ओठांकडे पाहत राहिले. हसले नाहीत. त्यांनी खुर्चीच्या हातावर बोट दोनदा आपटलं, पुढे म्हणून. खालची रेघ दोनदा उडाली आणि उषाबाईंची वाट पाहू लागली.